एका टिंबाची गोष्ट

माझ्या वडिलांनी 1958 साली आईला लिहिलेले एक पत्र आमच्या घरी आहे. म्हणजे पत्र नाही, त्याची नक्कल आहे. मूळ कागद वाळवीने खाल्ला. त्याआधी, 1990 च्या सुमारास, घरातल्या एकाने सगळी जुनी पत्रे टाईप करून ठेवली म्हणून मजकूर तरी वाचला. टाईप करताना त्याने चांगल्या हेतूने एक गोष्ट केली. वडिलांचे 'जुने' शुद्धलेखन त्याने 'सुधारले'. आता माझ्या भाच्याला ही पत्रे घरातल्यांसाठी पुस्तकरूपाने छापायची आहेत, तीही वडिलांनी लिहिली होती तशीच. तो म्हणाला, "मावशी, तू जुन्या वळणाची शिकलेली. तेवढी टिंबे परत घालून दे."

मी हो म्हटले. चाळीस वर्षे मराठी शिकवले, टिंबे घालायला कितीसा वेळ लागणार? सदरमधल्या आमच्या गॅलरीत बसून आठवडाभर ते काम केले, आणि एका ओळीपाशी अडले ती अजून तिथेच आहे.

तरुण वाचकांसाठी आधी थोडे मागे जाते. माझ्या पहिली-दुसरीच्या पुस्तकात 'नांव', 'पांच', 'नाहीं', 'घरीं', 'तें', 'केलें' असे लिहिलेले असे. या टिंबांचा उच्चार आमच्याकडे कोणी करत नसे, पण ती पाठ करावी लागत आणि चुकले तर छडी मिळे. 1961 साली मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले. पुण्याची साहित्य परिषद, मुंबईचा साहित्य संघ, मराठवाड्याची परिषद आणि आमचा नागपूरचा विदर्भ साहित्य संघ अशा चार संस्था त्यात होत्या. महामंडळाने केलेले लेखनाचे 14 नियम 1962 साली शासनाने मान्य केले. 1972 मध्ये आणखी चार आले आणि ते 18 झाले. त्यांतला सर्वांत मोठा बदल हाच होता की ज्या टिंबाचा उच्चार होत नाही ते लिहायचे नाही. आम्हा मुलांना किती आनंद झाला, ते सांगायला नको.

ही टिंबे मुळात निरर्थक नव्हती. फार पूर्वी तिथे खरोखर नाकातला उच्चार होता. गोव्याच्या कोकणीत तो आजही ऐकू येतो, आणि देवनागरीत कोकणी लिहिणारे आजही 'म्हजें नांव' असेच लिहितात. आपल्या बोलण्यातून तो गेला, पण लिहिण्यात राहिला आणि व्याकरणाची कामे करत बसला. होडीची 'नाव' आणि माणसाचे 'नांव' ही जोडी सगळ्यांना ठाऊक असते. त्याहून महत्त्वाच्या जोड्या व्याकरणाच्या होत्या. 'तें घर' हे नपुंसकलिंगी एकवचन, तर 'ते लोक' हे पुल्लिंगी अनेकवचन. 'केळी' म्हणजे केळीची झाडे, 'केळीं' म्हणजे फळे. टिंब काढले आणि दोन-दोन शब्दांचा एक शब्द झाला. वाचणाऱ्याला त्याने फारसे अडत नाही, कारण पुढचा-मागचा मजकूर अर्थ सांगतो. अडचण येते ती उलट जाताना. एकातून पुन्हा दोन करायचे तर प्रत्येक जागी ठरवावे लागते, यातला कुठला?

हे दुखणे फक्त आपले नाही. चीनमध्ये 1956 पासून शासनाने अक्षरे सोपी केली आणि 1964 मध्ये त्यांची एकत्र यादी काढली. त्यात काही ठिकाणी दोन-तीन जुन्या अक्षरांना मिळून एकच अक्षर ठेवले. 'नंतर' आणि 'राणी' या दोन शब्दांचा उच्चार तिकडे 'हौ' असा एकच आहे. 'नंतर'चे जुने अक्षर किचकट होते, म्हणून राणीचे सोपे अक्षर दोघांना दिले. 'केस' आणि 'पाठवणे' यांनाही असेच एक अक्षर मिळाले. तैवानमध्ये जुनी अक्षरे अजून चालतात. त्यामुळे चीनमधला मजकूर तिकडच्या लिपीत बदलताना यंत्राने आंधळेपणाने अक्षरामागे अक्षर ठेवले, तर 'जेवणानंतर'च्या जागी राणी येऊन बसते. त्यावरचा तिकडचा उपाय असा की सुटे अक्षर न बदलता आजूबाजूच्या अक्षरांसह पूर्ण शब्द ओळखायचा आणि मग निवड करायची.

मीही तेच केले. पहिल्या दोन दिवसांत सोपे शब्द झाले. 'पाच' दिसला की 'पांच', 'काही' दिसला की 'कांहीं', 'गाव' दिसला की 'गांव'. इथे दुसरी शक्यताच नाही, डोळे मिटून टिंब द्यावे. 'रामाने', 'त्याने' यांचे 'रामानें', 'त्यानें' हेही तसेच.

मग आली 'केले', 'जुने', 'पाडले' ही मंडळी. "जुने घर पाडले आणि जुने वासे विकले" या वाक्यात 'जुने' दोनदा आहे, पण टिंब एकाच ठिकाणी हवे. इथे मला एक युक्ती सापडली. वाक्य बोलून पाहायचे. "घर पाडलं" असे आपण म्हणतो, म्हणून तिथे 'पाडलें'. "वासे विकलं" असे कोणी म्हणत नाही, म्हणून तिथे 'विकले'. गंमत पाहा, लिहिण्यातून काढलेला फरक बोलण्यात अजून जिवंत आहे. बोलीभाषेतले संवाद लिहिताना आपण 'केलं', 'घेतलं' असे टिंब देतो ते बहुधा त्याच जागी येते. असे बोलत बोलत मी पानेच्या पाने केली. शेजारीण विचारायला आली की एकटीच कोणाशी बोलताय.

नव्या नियमांना मी नावे ठेवत नाही. एका बाबतीत त्यांनी जुना गोंधळ मिटवला आहे. जुन्या पद्धतीत 'घरांत' हे एका घराचेही आणि अनेक घरांचेही होते. आज एका घरासाठी 'घरात' आणि अनेकांसाठी 'घरांत'. म्हणजे जुन्याचे नवे करतानाही निवड करावीच लागते. "पायांत कांटा रुतला" याचे आज 'पायात' करायचे की 'पायांत'? काटा एक, म्हणून पाय एकच धरायचा. पण "पायांत गोळे आले" असे असेल तर? टाईप करणाऱ्याने तिथे 'पायात' केले आहे. वडिलांचा एक पाय दुखत होता की दोन्ही, हे त्याने नकळत ठरवून टाकले.

आता त्या अडलेल्या ओळीकडे येते. आमचे वर्ध्याकडे शेत होते. ते 1958 मध्ये विकले गेले, आणि विकायला कोण तयार झाले यावरून वडिलांचे घर आणि धाकट्या काकांचे घर यांच्यात पुढे कित्येक वर्षे बोलणे नव्हते. आमच्या घरी सांगितले जाई की काकांनी परस्पर सही केली. पुरावा म्हणून हेच पत्र. त्यात असे आहे: "धाकटा काल आला. रात्री बरेच बोलणे झाले. उद्या सकाळी वर्ध्यास जातो व कागदावर सही करतो."

कोण जातो? कोण सही करतो?

जुन्या पद्धतीत याचे उत्तर एका टिंबात होते. 'मी जातों' याला टिंब, 'तो जातो' याला नाही. कर्ता लिहिला नाही तरी क्रियापद सांगत असे. काका वडिलांपेक्षा मोठे असते तर 'जातात' लिहिले असते आणि प्रश्नच मिटला असता, पण ते धाकटे. माझी बोलून पाहण्याची युक्तीही इथे चालत नाही, कारण बोलताना दोन्ही 'जातो' सारखेच. मागे 'धाकटा' आहे म्हणून तोच कर्ता म्हणावे, तर मधल्या वाक्यात तो नाही. पत्र लिहिणारा माणूस स्वतःविषयी सांगताना 'मी' गाळतो हेही नेहमीचे. त्याच पत्रात पुढे "परवा परत येतो, काळजी करू नये" असे आहे. तो 'येतो' नक्की वडिलांचा, कारण काकांची काळजी आईने करण्याचे कारण नव्हते. ते वाक्य या वाक्याला जोडले तर सही वडिलांची ठरते. पण जोडावेच असे नाही.

मूळ कागद असता तरी मी जपून बोलले असते. 'जातों' असे टिंब दिसले असते तर तो पुरावा होता. टिंब नसते तर मात्र खात्री नाही, कारण घाईच्या हस्ताक्षरात लोक टिंबे सोडून देत. असलेले टिंब साक्ष देते, नसलेले देत नाही.

महामंडळाच्या नियमांत एक नियम असाही आहे की केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळाप्रमाणे छापावे, त्यानंतरचे सगळे नव्या नियमांनी. छापखान्याच्या सोयीसाठी कुठेतरी रेघ मारावी लागते, ते समजते. पण घरच्या कागदांना ती रेघ लावू नये. जुनी पत्रे उतरवून काढत असाल तर आधी कागदाचे फोटो काढून ठेवा, मग टिंबासकट जसेच्या तसे उतरवा, आणि वाचायला सोपी हवी असेल तर नव्या लेखनातली प्रत वेगळी करा. पहिलीवरून दुसरी केव्हाही करता येते. दुसरीवरून पहिली होईलच असे नाही.

भाच्याला मी पुस्तक पूर्ण करून दिले. त्या ओळीत 'जातो' आणि 'करतो' बिनटिंबाचेच ठेवले आणि खाली टीप दिली की मूळ पाहायला मिळाले नाही, इथे कर्ता दोघांपैकी कोणीही असू शकतो. मग काकांच्या मुलीला फोन केला. ती माझ्याच वयाची. तिला सांगितले की आम्ही इतकी वर्षे जे पत्र पुरावा म्हणून दाखवत होतो, त्यातून काहीच सिद्ध होत नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पुस्तक छापून झाले की एक प्रत मलाही पाठव."