खरकटे : वराहखाद्य म्हणून वापर

हॉटेल, खाणावळ किंवा घरातले उरलेले अन्न डुकरांना घातले की खाद्याचा खर्च वाचतो. मात्र त्यात मांसाचा अंश असेल तर त्यासोबत रोगही गोठ्यात येऊ शकतो. अन्न उकळणे हा त्यावरचा उपाय खरा, पण उकळण्याआधीचे आणि नंतरचे अन्न एकमेकांपासून दूर ठेवले नाही, तर तो वाया जातो. २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ पसरली. तिचा माग हेडन-ऑन-द-वॉल येथील वराहपालनापर्यंत लागला. तिथे प्रक्रिया केलेले खरकटे घालण्याचा परवाना होता, परंतु डुकरांपुढे प्रक्रिया न केलेले खरकटे गेले होते. या साथीत साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली आणि ब्रिटनने त्याच वर्षी खरकटे घालण्यावर बंदी आणली.

हॉटेलातले अन्न आधीच शिजलेले असते, मग पुन्हा कशाला उकळायचे, असे विचारले जाते. पण त्याच बादलीत कच्च्या मांसाचे तुकडे, हाडे आणि मांस धुतलेले पाणीही पडते. आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा विषाणू गोठवलेल्या व खारवलेल्या डुकराच्या मांसात महिनोन् महिने टिकतो. भारतात हा रोग २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात प्रथम आढळला. तो माणसाला होत नाही, मात्र डुकरांसाठी त्यावर औषध नाही.

अमेरिकी नियमानुसार असे खाद्य १०० अंश सेल्सिअसला ३० मिनिटे ठेवावे लागते. ही वेळ चूल पेटवल्यापासून मोजायची नसते. पिंपातले सगळे खाद्य खदखदू लागल्यावर मोजायची. दोनशे लिटरच्या पिंपात तळाशी पाणी घेऊन खरकटे गळ्यापर्यंत न भरता ढवळायला जागा ठेवावी. मोठे तुकडे आधी बारीक करावेत, कारण हाडाला लागलेल्या जाड मांसाच्या गाभ्यात उष्णता उशिरा पोहोचते. सतत ढवळले नाही, तर तळ करपतो आणि मध्यभाग कोमटच राहतो. शिजलेले खाद्य कच्च्याच्या बादलीत ओतू नये, एकच फावडे दोन्हींना वापरू नये, आणि खाद्य निवल्यावर त्याच दिवशी संपवावे.

सरपणाचा खर्च परवडत नाही, ही अडचण खरी आहे. म्हणून शेतातून थेट आलेला पाला वेगळा ठेवावा. रताळ्याचे वेल, कोबीची पाने स्वयंपाकघरात गेलीच नसतील, तर ती न उकळता चालतात. गव्हाचे काड मात्र डुकराला फारसे पचत नाही, कारण गायीसारखे चार कप्प्यांचे पोट त्याला नसते. कच्च्या सोयाबीनमधील पचनरोधक घटक उष्णतेने निकामी होतात. पण बुरशी लागलेल्या मक्यातले अफ्लाटॉक्सिन आणि हिरव्या पडलेल्या बटाट्यातले सोलॅनिन उकळून जात नाही. असा माल टाकूनच द्यावा. मीठही उकळून कमी होत नाही. खारट खरकट्यासोबत पिण्याचे पाणी कमी पडले, तर डुक्कर आंधळ्यासारखे भिंतीवर धडकते, त्याला झटके येतात.

तीव्र ताप, खाणे सोडणे, कान व पोटाची कातडी लाल-निळी पडणे आणि पाठोपाठ मरतूक दिसली, तर खरकटे थांबवावे, डुकरे विकू नयेत, मेलेली उघड्यावर टाकू नयेत आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.