आधारभिंत : पार्श्वदाब आणि स्थैर्य

एका बाजूची जमीन दुसरीपेक्षा उंच असताना उंच बाजूची माती जागेवर थोपवून धरणाऱ्या भिंतीला आधारभिंत म्हणतात. बांधकामावर ती ‘रिटेनिंग वॉल’ या नावानेच ओळखली जाते. घाटरस्त्याची दरीकडची कड, पुलाच्या दोन्ही टोकांचे भराव, उतारावरच्या इमारतींची आवारे आणि तळघरे अशा ठिकाणी ती लागते. घराच्या भिंतीवर मुख्य भार वरून येतो, तर आधारभिंतीवर तो आडवा येतो. या आडव्या भाराला मातीचा पार्श्वदाब म्हणतात. त्यापुढे भिंत पायावर पुढे घसरू शकते किंवा पायाच्या पुढच्या कडेवर उलथू शकते. या दोन्हींविरुद्ध किती राखीव ताकद शिल्लक आहे ते सुरक्षितता गुणक सांगतो. केवळ स्वतःच्या वजनावर उभ्या राहणाऱ्या दगडी भारभिंतीचा विचार या नोंदीत मुख्यतः केला आहे.

पार्श्वदाब : सुटी माती ढिगासारखी ओतली तर ती ठरावीक उताराला येऊन थांबते. तिथे भिंत उभी केली की उताराबाहेरची माती भिंतीवर रेलते. या रेट्याचे गणित फ्रेंच लष्करी अभियंता शार्ल ओगुस्तँ कुलोम यांनी १७७३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. भिंतीमागची माती पाचरीच्या आकारात तुटून खाली सरकू पाहते, असे त्यांनी धरले होते. स्कॉटिश अभियंता विल्यम रँकिन यांनी १८५७ मध्ये मातीच्या अंतर्गत ताणांवरून दुसरी रीत दिली. भिंतीची पाठ उभी व गुळगुळीत, भराव सपाट आणि माती कोरडी व सुटी असेल, तर दोन्ही रीतींचे उत्तर एकच येते :

```
Ka = (1 − sin φ) / (1 + sin φ)
P  = ½ · Ka · γ · H²
```

यात φ हा मातीचा अंतर्गत घर्षणकोन, γ हे तिचे एकक वजन, H ही भिंतीची उंची आणि P हा भिंतीच्या दर मीटर लांबीवरचा एकूण रेटा आहे. दाब वरून खाली सरळ रेषेत वाढत जातो. म्हणून रेटा पायापासून एकतृतीयांश उंचीवर लागतो. सूत्रात उंचीचा वर्ग असल्याने भिंत दुप्पट उंच केली की रेटा चौपट होतो.

वरचा Ka हा ‘सक्रिय’ दाबाचा गुणांक आहे. भिंत किंचित पुढे झुकून मातीला सैल होऊ देते तेव्हाच दाब इतका उतरतो. घट्ट वाळूत त्यासाठी उंचीच्या हजाराव्या भागाएवढी, म्हणजे ४ मीटर भिंतीला सुमारे ४ मिलिमीटर हालचाल पुरते. तळघराची भिंत वरच्या स्लॅबने जखडलेली असते आणि तिला एवढेही हलता येत नाही. तिच्यासाठी ‘स्थिर’ दाब धरतात. ३० अंश घर्षणकोनाच्या मातीत तो सक्रिय दाबाच्या दीडपट असतो.

दोन कसोट्या : घसरण्याविरुद्धचा गुणक म्हणजे पायाखालचे घर्षण भागिले आडवा रेटा. घर्षण काढण्यासाठी एकूण उभ्या वजनाला घर्षण गुणांकाने गुणतात. उलथण्याविरुद्धचा गुणक काढताना पायाची पुढची कड बिजागरी मानतात. वजन भिंतीला मागे धरते आणि रेटा तिला पुढे पाडू पाहतो. या दोन बलांची कडेभोवतीची परिबले (बल गुणिले कडेपासूनचे लंबांतर) काढून त्यांचे गुणोत्तर घेतात. रूढ व्यवहारात घसरण्याविरुद्ध किमान १.५ आणि उलथण्याविरुद्ध किमान २ गुणक राखतात. प्रबलित काँक्रीटसाठीच्या आय.एस. ४५६ : २००० या भारतीय मानकात घसरण्याविरुद्ध १.४ गुणक दिला आहे. मात्र तो तपासताना भिंतीला स्थिर ठेवणारे कायम वजन ०.९ पटच धरावे, अशी अट आहे. घडलेली भिंत आराखड्यापेक्षा हलकी निघाली तरी ती सुरक्षित राहावी, हा त्यामागचा हेतू आहे.

भिंतीच्या पुढ्यात पायाला टेकलेली मातीही तिला अडवते, पण हिशेबात हा आधार बहुधा धरत नाहीत. गटार किंवा जलवाहिनी टाकायला उद्या कोणी नेमका तिथेच चर खणू शकतो.

सोडवलेले उदाहरण : घाटरस्त्याकडेला ४ मीटर उंच दगडी भिंत बांधायची आहे. तिची मातीकडची पाठ उभी आहे आणि दरीकडचे तोंड उतरते आहे. माथ्यावर जाडी ०.६ मीटर व पायाशी २ मीटर आहे. सिमेंटमधल्या दगडी बांधकामाचे वजन २२ किलोन्यूटन प्रतिघनमीटर धरू (१० किलोन्यूटन म्हणजे साधारण एक टन). भराव मुरमाचा असून त्याचे वजन १८ किलोन्यूटन प्रतिघनमीटर आणि घर्षणकोन ३० अंश आहे. पायाखालचा घर्षण गुणांक ०.५ आहे.

या मुरमासाठी Ka ची किंमत १/३ येते. म्हणून दर मीटर लांबीवर रेटा ४८ किलोन्यूटन आणि त्याचे उलथवणारे परिबल ६४ किलोन्यूटन-मीटर होते. भिंतीचे वजन ११४.४ किलोन्यूटन आणि पुढच्या कडेभोवती त्याचे परिबल सुमारे १४७ किलोन्यूटन-मीटर येते. उलथण्याविरुद्धचा गुणक २.३ झाला, म्हणजे ही कसोटी भिंत आरामात पार करते. घर्षण मात्र ५७.२ किलोन्यूटनच मिळते आणि घसरण्याविरुद्धचा गुणक १.१९ वर थांबतो. डोळ्यांना भक्कम दिसणारी ही भिंत नापास ठरते. भारभिंतीच्या हिशेबात असे वारंवार घडते, कारण जाडी वाढवली की वजन आणि त्याचा कडेपासूनचा हात दोन्ही वाढतात. परिबल त्यामुळे भराभर चढते, तर घर्षण फक्त वजनाच्या प्रमाणात वाढते.

पहिला उपाय रुंदी वाढवण्याचा. पाया २.७ मीटर केला तर वजन १४५.२ किलोन्यूटन होते आणि घसरण्याविरुद्धचा गुणक १.५१ येतो. उलथण्याविरुद्धचा गुणक तोवर ४ वर पोहोचलेला असतो. यासाठी दर मीटर लांबीला बांधकाम ५.२ वरून ६.६ घनमीटर होते.

दुसरा उपाय तळ मागे कलता ठेवण्याचा. २ मीटर रुंदीच्याच पायाला भरावाच्या बाजूला सहास एक उतार दिला, तर मागची कड ३३ सेंटिमीटर खोल जाते. मागची उंची वाढल्याने रेटा ५६ किलोन्यूटन होतो. पण घसरण्यासाठी भिंतीला आता चढ चढावा लागतो आणि गुणक सुमारे १.८ येतो. घाटात कातळावर पाया घेताना हा उपाय स्वस्त पडतो. पाया मातीत असेल तर मात्र हा आकडा फसवा ठरतो. माती कलत्या तळावरून न सरकता मागच्या कडेतून जाणाऱ्या आडव्या पातळीवर कापली जाऊ शकते. त्या पातळीवर तपासल्यास गुणक जेमतेम १.३ भरतो. म्हणून मातीत दोन्ही पातळ्या तपासून लहान उत्तर ग्राह्य धरतात.

रस्त्यावरच्या वाहनांचा भार दर चौरस मीटरला १० किलोन्यूटन धरला, तर रेट्यात आणखी १३.३ किलोन्यूटनची भर पडते. त्यामुळे २.७ मीटर पायाच्या सपाट तळाच्या भिंतीचाही घसरण्याविरुद्धचा गुणक १.१८ वर येतो. वाहतुकीचा भार सुरुवातीपासूनच हिशेबात धरावा लागतो तो यामुळेच.

पाणी : वरचे सारे गणित कोरड्या भरावाचे आहे. निचरा तुंबून भिंतीमागे माथ्यापर्यंत पाणी साठले, तर बुडालेल्या मातीचे परिणामी वजन घटून दर घनमीटरला सुमारे १० किलोन्यूटन होते आणि मातीचा रेटा २६.७ किलोन्यूटनवर उतरतो. पण पाण्याला घर्षणकोन नसतो. त्याचा दाब एकतृतीयांश न होता पूर्णच्या पूर्ण लागतो आणि एकट्या पाण्याचा रेटा ८० किलोन्यूटन होतो. एकूण रेटा १०६.७ किलोन्यूटन, म्हणजे कोरड्या स्थितीच्या सव्वादोन पट भरतो. २.७ मीटर पायाच्या भिंतीचा उलथण्याविरुद्धचा गुणक तेव्हाही १.८ असतो, पण घसरण्याविरुद्धचा ०.६८ होतो. वाहनांचा भार आणि पायाखालच्या पाण्याचा उचल दाब यात धरलेलाच नाही. कोरड्यात दोन्ही कसोट्यांना उतरलेली भिंत एका जोरदार पावसात सरकू शकते, ती अशी.

कुंपण म्हणून बांधलेल्या आणि नंतर मागे भराव पडून आधारभिंत बनलेल्या भिंतींना हा धोका सर्वाधिक असतो, कारण त्यांचा पार्श्वदाबासाठी हिशेबच झालेला नसतो. पुण्याच्या कोंढवा भागात २९ जून २०१९ च्या पहाटे मुसळधार पावसानंतर एका निवासी संकुलाची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जणांचा मृत्यू झाला. संकुलाच्या वाहनतळावरच्या गाड्याही भिंतीबरोबर खाली आल्या.

निचरा आणि देखभाल : भिंतीमागे दगडगोटे व खडीचा थर देतात. माती त्यात शिरून तो तुंबू नये म्हणून भरावाच्या बाजूला बारीक खडी, वाळू किंवा गाळणीचे कापड घालतात. भिंतीत ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाची निचराभोके, म्हणजेच ‘वीप होल’, एकाआड एक ओळीत बाहेरच्या अंगाला उतार देऊन ठेवतात. माथ्यावरचे पाणी आत न मुरता गटारात जावे म्हणून वरचा थर घट्ट व अपार्य करतात. काळी माती भरावाला वापरत नाहीत. ती ओली झाली की फुगते आणि तिचा फुगवटा वरच्या सूत्रात कुठेच येत नाही.

पावसाळ्यात या भोकांकडे लक्ष ठेवले की भिंतीची प्रकृती कळते. स्वच्छ पाणी येत असेल तर निचरा चालू आहे. गढूळ पाणी येत असेल तर गाळणीतून भराव वाहून चालला आहे. आठवडाभर पाऊस पडूनही भोके कोरडी असतील, तर ती बुजली असण्याची आणि पाणी मागे साठले असण्याची शंका घ्यावी. घसरण आणि झुकणे यांच्या खुणा वेगळ्या असतात. भिंत घसरू लागली की शेजारच्या दोन तुकड्यांमधल्या सांध्यात तळापासून माथ्यापर्यंत सारखाच पुढे-मागे फरक दिसतो आणि पायथ्याचे गटार चेपले जाते. भिंत झुकू लागली तर हा फरक माथ्याकडे वाढत जातो आणि ओळंबा सोडून तो मोजता येतो. दोन्ही प्रकारांत वरच्या रस्त्यावर भिंतीला समांतर भेग पडते. ती डांबराने बुजवून टाकली तर हालचाल थांबली की चालूच आहे हे समजायला मार्ग उरत नाही. म्हणून आधी भेगेच्या दोन्ही बाजूंना खुणा करून त्यांतील अंतर ठरावीक काळाने मोजतात.

मर्यादा : उलथण्याचा गुणक पुरेसा आला म्हणजे पाया सुरक्षित झाला असे नाही. वजन आणि रेटा यांचे एकत्रित बल पायाच्या मधल्या तिसऱ्या हिश्शातून गेले पाहिजे, नाहीतर टाचेकडे पाया जमिनीपासून सुटतो आणि पुढच्या कडेवर दाब एकवटतो. उदाहरणातल्या २ मीटर पायाच्या भिंतीत हे बल मधल्या हिश्शातच राहते. तरी पुढच्या कडेखाली दर चौरस मीटरला सुमारे १०४ किलोन्यूटन आणि टाचेखाली फक्त १० किलोन्यूटन दाब येतो. जमीन मऊ असेल तर पुढची कड खचून भिंत झुकते, आणि कागदावर उलथण्याचा गुणक दोनच्या वर असतानाही तसे होते. भिंतीसकट सगळा डोंगरउतारच खोलवरच्या वक्र पातळीवर सरकला, तर दोन्ही गुणक निरर्थक ठरतात. उताराचे स्थैर्य त्यासाठी वेगळे तपासावे लागते.