बत्तीस शब्दांची कोंबडी

आजच्या भाषणात एका कोंबडीची गोष्ट आहे. कोंबडी इंग्लंडची, पुस्तक छापलं अमेरिकेत, साल 1968. पुस्तकाचं नाव 'रोझीज वॉक', म्हणजे रोझीचा फेरफटका. अख्ख्या पुस्तकात शब्द आहेत फक्त 32, आणि ते सगळे मिळून एकच वाक्य होतं. एवढ्या थोड्या शब्दांत गोष्ट कशी बसली, ते आज बघूया.

हे पुस्तक लिहिणाऱ्या आणि त्यातली चित्रं काढणाऱ्या बाईंचं नाव पॅट हचिन्स. त्यांचा जन्म 1942 सालचा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायर भागातला. चित्रकला शिकलेल्या. नवऱ्याची बदली न्यूयॉर्कला झाली, म्हणून 1966 साली त्या तिकडे गेल्या आणि दीडेक वर्ष राहिल्या. तिथे त्या आपली गोष्ट घेऊन मॅकमिलन प्रकाशनाच्या संपादक सुझन हर्शमन यांच्याकडे गेल्या.

ती पहिली गोष्ट चांगली लांबलचक होती. शेतावरचे प्राणी एकामागून एक यायचे आणि आपापला आवाज काढायचे. हर्शमनबाईंना ती कंटाळवाणी वाटली. त्यांना आवडली ती फक्त एक जागा. कोल्हा येतो आणि तो मात्र काहीच आवाज करत नाही, एवढीच. हचिन्सबाईंनी ती जागा धरली आणि बाकीचं सोडून दिलं. गोष्ट पुन्हा पुन्हा कमी करत नेली. शेवटी तर कोल्ह्याचा उल्लेखही शब्दांतून गेला. आवाज न करणारा कोल्हा, मग त्याच्याबद्दल पुस्तकानंही बोलायचं नाही!

तयार पुस्तक असं आहे. सुरुवातीच्या चित्रात अख्खं शेत दिसतं, म्हणजे कोंबडी कुठून कुठे जाणार ते मुलाला आधीच कळतं. मग ती खुराड्यातून फिरायला निघते. हे सांगायला सात शब्द. पुढे सहा ठिकाणं येतात: अंगण, तळं, गवताची गंजी, पिठाची गिरणी, कुंपण आणि मधमाश्यांच्या पेट्या. प्रत्येक ठिकाणाला तीनच शब्द, म्हणजे अठरा. शेवटी ती जेवणाच्या वेळेला घरी पोचते, त्याला पुन्हा सात. झाले बत्तीस.

शब्द ऐकले तर वाटेल, यात काय गोष्ट आहे? कोंबडी फिरली आणि घरी आली. पण चित्रात तिच्या मागे पहिल्यापासून कोल्हा आहे. पुस्तक त्याचं नाव काढत नाही. त्याला बघतं ते मूल. वाचून दाखवणारी आई शांतपणे कोंबडीचा रस्ता सांगत असते आणि मांडीवरचं पोर ओरडतं, "अगं, मागे बघ, कोल्हा!" गोष्टीतला हा अर्धा भाग हचिन्सबाईंनी लिहिलाच नाही, तो मुलासाठी ठेवला. शब्दांत "मागून लबाड कोल्हा आला" असं असतं, तर मुलाला शोधायला काही उरलं नसतं.

आता पान उलटण्याची गंमत बघा. पुस्तक उघडलं की समोरासमोर दोन पानं दिसतात. त्याला आपण जोडपान म्हणूया. प्रत्येक ठिकाणाला हचिन्सबाईंनी दोन जोडपानं दिली. पहिल्यावर तीन शब्द असतात, कोंबडी चाललेली असते आणि कोल्ह्यानं झेप घेतलेली असते. दुसऱ्यावर एकही शब्द नसतो, फक्त कोल्ह्याची फजिती असते.

अंगणाचं बघा. कोल्हा हवेत आहे, आणि त्याच्यापुढे जमिनीवर गवत ओढायचं दाताळं पडलंय. आपल्यातल्या प्रत्येकीला माहीत आहे, दाताळ्याच्या दात्यांवर पाय पडला की दांडा उसळून तोंडावर बसतो. चित्रात ते घडलेलं नाही, पण घडणार हे दिसतंय. मूल श्वास रोखतं, पान उलटतं, आणि फटकन दांडा कोल्ह्याच्या तोंडावर! पुढे तो तळ्यात पडतो, मग गंजीत गाडला जातो. गिरणीजवळ कोंबडीच्या पायात दोरी अडकते आणि पिठाचं पोतं त्याच्यावर रिकामं होतं. दर वेळी संकटाची वस्तू आधीच्या चित्रात दाखवलेली असते. ही तयारी नसेल तर पुढचं पान नुसतं दचकवतं. तयारी असेल तर मूल स्वतः अंदाज बांधतं आणि तो खरा ठरला की खुदकन हसतं.

एकच युक्ती सहा वेळा केली तर कंटाळा येईल, हेही त्यांनी ओळखलं होतं. पहिल्या चार फजित्या सुट्या आहेत. पाचवीत कोल्हा कुंपणावरून उडी मारतो तो एका गाडीत पडतो. तीच गाडी घरंगळत जाऊन मधमाश्यांच्या पेट्यांवर आदळते. म्हणजे पाचवीतून सहावी निघते आणि गोष्टीचा वेग वाढतो. मधमाश्या कोल्ह्याच्या मागे लागतात आणि कोंबडी आरामात घरी जाते. तिला कोल्हा मागे आहे हे माहीत होतं की नाही? पुस्तक सांगत नाही. त्यावर मुलं भांडतात.

तुमच्या गटानं अंगणवाडीसाठी असं पुस्तक करायचं ठरवलं तर चार कोरे कागद मधोमध दुमडून शिवा. सोळा पानं होतात. पहिलं आणि शेवटचं पान वेष्टनाला गेलं की आत सात जोडपानं उरतात. छापील चित्रपुस्तकं बहुतेक 32 पानांची असतात, कारण मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून घडी घातली की सोळा पानं होतात, आणि असे दोन कागद लागतात.

शब्द लिहिताना आपल्या मराठीची एक सोय आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे वाक्य मध्येच लोंबकळत ठेवता येतं. समजा तुम्ही लिहिलंत, "आजीनं कणगीचं झाकण उघडलं, तर आत मांजर आणि चार पिल्लं झोपली होती." सगळं एकाच पानावर संपलं. आता एवढंच लिहा, "आजीनं कणगीचं झाकण उघडलं, तर आत..." आणि थांबा. चित्रात कणगीच्या फटीतून शेपटीचं टोक तेवढं दाखवा. पान उलटल्यावर मांजर आणि चार पिल्लं, शब्द एकही नाही. गोष्ट सांगताना आपली आजी जिथे थांबायची आणि आपण "हं, मग?" म्हणायचो, नेमकं तिथेच पान उलटायला हवं.

झालेलं पुस्तक तपासायची रीत सोपी आहे. चित्रं झाकून नुसते शब्द वाचा. गोष्ट पूर्ण कळली तर शब्द जास्त झालेत, चित्रात दिसतं ते सगळं खोडा. मग शब्द झाकून चित्रं बघा. काहीच कमी वाटलं नाही, तर उरलेले शब्दही कामाचे नाहीत. रोझीच्या पुस्तकात शब्द झाकले तर कोल्ह्याची फजिती दिसते, पण कोंबडीचा तो निवांतपणा हरवतो. तो त्या बत्तीस शब्दांत आहे.

आणखी एक. गटातल्या ज्या मावशींना वाचता येत नाही, त्यांना अशा पुस्तकातले शब्द एकदा ऐकवा. बत्तीस शब्द पाठ व्हायला वेळ लागत नाही, आणि कुठला शब्द कुठल्या पानावर ते चित्रच सांगतं. त्याही नातवाला मांडीवर घेऊन पानं उलटू शकतील.