पात्रसंबंध-नकाशा (कादंबरी)

पात्रसंबंध-नकाशा म्हणजे कादंबरीतील पात्रे आणि त्यांच्यातील मैत्री, वैर, नाते, आश्रय व गुप्त संधान हे संबंध रेषांनी दाखविणारा आलेख होय. ज्या कादंबरीत पात्रांची संख्या फार मोठी असते आणि कथानक पक्षांच्या जुळणीवर व फुटीवर उभे असते, तिचा सारांश लिहिण्यापूर्वी असा नकाशा तयार करतात. पात्रांची नामावली कोण आहे एवढेच सांगते. कोण कोणाच्या बाजूने, केव्हापासून आणि कशामुळे आहे, हे नकाशावरून कळते.

मराठीत या पद्धतीचे चांगले उदाहरण म्हणजे विश्वास पाटील यांची *पानिपत* (१९८८) ही ऐतिहासिक कादंबरी. पानिपतच्या तिसऱ्या लढाईकडे नेणाऱ्या घटनांत पेशवे, शिंदे, होळकर, जाट, रोहिले, अयोध्येचा नवाब, दिल्लीचा वजीर आणि अफगाण बादशहा हे सारे गुंतलेले आहेत, आणि यांपैकी अनेकांचे परस्परसंबंध अवघ्या काही महिन्यांत बदलतात. या लेखातील विवेचन मुख्यतः याच उदाहरणाच्या आधारे केले आहे.

## पार्श्वभूमी

माणसांमधील आवडनिवड बिंदू व रेषांनी दाखविण्याची पद्धत जेकब मोरेनो यांनी १९३४ साली समाजशास्त्रात मांडली. तीन व्यक्तींमधील मैत्री व वैर यांचा तोल कसा राहतो किंवा बिघडतो, याचा विचार फ्रिट्झ हायडर यांनी १९४६ मध्ये केला. साहित्यसमीक्षेत फ्रँको मोरेत्ती यांनी २०११ मध्ये *हॅम्लेट* नाटकातील पात्रांचे जाळे काढून कथानकाचे विश्लेषण केले. मोरेत्ती यांच्या जाळ्यात दोन पात्रे एकमेकांशी बोलली की त्यांच्यात रेषा येते. युद्ध व राजकारणाच्या कादंबरीला एवढे पुरत नाही, कारण तेथे शत्रूही एकमेकांशी बोलतात आणि मित्रही गप्प राहतात. म्हणून अशा कादंबरीच्या नकाशात रेषेचा प्रकार व काळ या दोन्हींची नोंद आवश्यक ठरते.

## नावांची यादी

पहिली पायरी म्हणजे नावांची यादी. एका व्यक्तीची अनेक नावे एका ओळीत आणावी लागतात. *पानिपत*च्या संदर्भात सदाशिवराव, भाऊ आणि भाऊसाहेब ही एकच व्यक्ती आहे. गाजीउद्दीन, इमाद-उल्-मुल्क आणि नुसता ‘वजीर’ हेही बहुधा एकाच माणसाचे निर्देश असतात. नजीबखान व नजीबउद्दौला, अली गौहर व शाहआलम या जोड्यांचेही तसेच. याउलट नानासाहेब पेशवे आणि नाना फडणवीस या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. ही छाननी न केल्यास एकाच माणसाचे दोन बिंदू होतात किंवा दोघांच्या रेषा एका बिंदूवर येतात, आणि पुढचा सारा आलेख चुकतो.

दुसरा प्रश्न निवडीचा. पहिल्या नकाशात पंधरा ते वीसच बिंदू ठेवावेत आणि उरलेल्यांची गटवार नोंद करावी. निवडीचा निकष पात्राला मिळालेली पाने हा नसून, ते पात्र काढून टाकल्यास एखादा तह, फूट किंवा लढाई समजेनाशी होते काय, हा असतो. विश्वासरावांचे स्थान भावनिकदृष्ट्या मोठे असले, तरी पक्षांच्या जुळणीतील त्यांच्या रेषा थोड्या आहेत. नजीबखानाच्या रेषा मात्र अब्दाली, शुजाउद्दौला, शिंदे व होळकर अशा चारही दिशांना जातात. त्याला वगळल्यास कथानकच उभे राहत नाही.

## रेषांचे प्रकार

सामान्यतः चार प्रकारच्या रेषा पुरतात: मैत्रीसाठी अखंड, वैरासाठी नागमोडी, रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्यासाठी दुहेरी आणि गुप्त बोलण्यांसाठी तुटक. नाते आणि मैत्री यांची रेषा एकच धरू नये. एका घराण्यातील माणसे एका मताची असतीलच असे नसते.

प्रत्येक रेषेवर निदान एक घटना व तिचे वर्ष लिहावे. घटना सांगता येत नसेल, तर ती रेषा वाचकाच्या समजुतीतून आलेली असते, कादंबरीतून नव्हे. ‘होळकर व नजीब: सख्य’ एवढी नोंद अपुरी आहे. ‘१७५७ मध्ये दिल्लीत नजीब रघुनाथरावांच्या हाती सापडला असता मल्हाररावांनी मध्यस्थी करून त्याची सुटका करविली’ ही नोंद वापरता येण्याजोगी आहे.

पात्रांचे गट धर्मावरून किंवा प्रांतावरून पाडणे ही सर्वांत सामान्य चूक होय. पानिपतच्या रणांगणावर मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारद्याच्या हाती होता. दुसऱ्या बाजूला शिया शुजाउद्दौला आणि सुन्नी रोहिले यांचे आपसांत जुने वैमनस्य असूनही ते एका छावणीत होते. शुजाच्या चाकरीतील काशीराज हा दक्षिणी ब्राह्मण दोन्ही बाजूंच्या बोलण्यांत मध्यस्थ होता. गट आधी ठरवून रेषा काढल्यास ही तिन्ही उदाहरणे ‘अपवाद’ वाटू लागतात. रेषा आधी काढल्या तर गट आपोआप दिसतात.

## काळाचे थर

एकच नकाशा काढून सर्व संबंध त्यावर भरल्यास मित्र व शत्रू एकाच रेषेवर येतात. म्हणून कथानकातील मोठ्या वळणांवर वेगवेगळे नकाशे काढतात. *पानिपत*साठी तीन पुरेसे आहेत: १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले त्यापूर्वीचा, जुलै १७६० चा आणि १४ जानेवारी १७६१ च्या लढाईचा. बिंदूंच्या जागा तिन्हींत त्याच ठेवाव्यात, म्हणजे बदललेली रेषा चटकन नजरेस येते.

| जोडी | बुराडीपूर्वी | जुलै १७६० | जानेवारी १७६१ |
|---|---|---|---|
| शिंदे – नजीब | युद्ध (शुक्रताल) | वैर | वैर |
| होळकर – सूरजमल | वैर (कुंभेर, १७५४) | एकमत | दुरावा |
| भाऊ – सूरजमल | – | मैत्री | दुरावा |
| भाऊ – शुजा | – | बोलणी | युद्ध |

तक्त्याची दुसरी ओळ विशेष लक्षणीय आहे. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात मल्हाररावांचा मुलगा खंडेराव मारला गेला. जयाप्पा शिंदे यांच्या मध्यस्थीने सूरजमलाशी तह झाला आणि त्यामुळे शिंदे-होळकरांत कटुता आली. सहा वर्षांनी तेच मल्हारराव आणि तोच सूरजमल भाऊंसमोर एकच सल्ला देतात: बायकामुले व अवजड सामान मागे ठेवून गनिमी काव्याने लढावे. इब्राहिमखान गारदी याची बाजू याच्या नेमकी उलट, तोफा व कवायती पायदळ यांच्या भरवशाची. म्हणजे एकाच छावणीत मतांची एक वेगळी फळी आहे, आणि ती घराण्यांच्या वैराशी जुळत नाही. अशा रेषा वेगळ्या रंगाने दाखवितात.

## ताणलेले त्रिकोण

नकाशा पूर्ण झाल्यावर तीन-तीन पात्रांचे त्रिकोण तपासावेत. तिघे मित्र असतील, किंवा दोघे मित्र व तिसरा दोघांचाही शत्रू असेल, तर त्रिकोण स्थिर असतो. दोन मैत्रीच्या रेषांमध्ये एक वैराची रेषा आली की तो ताणला जातो, आणि कथानक बहुधा तेथूनच पुढे सरकते.

मराठे, सूरजमल आणि शुजा यांच्यामधील वजिरीचा प्रश्न हा असाच त्रिकोण आहे. सूरजमल हा इमाद-उल्-मुल्कचा पाठीराखा होता. भाऊंना शुजाही आपल्या बाजूस हवा होता, आणि त्याला देण्याजोगे मोठे आमिष म्हणजे तीच वजिरी. दिल्ली ऑगस्ट १७६० मध्ये मराठ्यांच्या हाती आली. तिचा बंदोबस्त नारो शंकर यांच्याकडे गेला आणि सूरजमल छावणी सोडून निघून गेला. ऑक्टोबरात शाहआलम यास बादशहा व शुजास वजीर जाहीर करण्यात आले. परंतु नजीबाच्या मनधरणीने शुजा जुलैमध्येच अब्दालीला मिळाला होता, तो परतला नाही. एका मित्राला द्यायची वस्तू दुसऱ्याच्या आश्रिताकडून काढावी लागली आणि शेवटी दोघेही हाती राहिले नाहीत. सूरजमल दुरावण्यास युद्धपद्धतीवरील मतभेद व इतर कारणेही होती. त्रिकोण कारण सिद्ध करीत नाही, कारण कोठे शोधावे ते दाखवितो.

## नकाशावरून सारांश

सारांशात संपूर्ण नकाशा उतरवायचा नसतो. एका नकाशातून दुसऱ्यात जाताना ज्या रेषा बदलल्या, तेवढ्यांचे प्रत्येकी एक वाक्य करावे. वरील थरांवरून पुढीलप्रमाणे सारांश होतो:

: नजीबखानाचा बंदोबस्त करू पाहणारे दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर मारले जातात. उदगीरच्या विजयानंतर सदाशिवराव भाऊ मोठी फौज घेऊन उत्तरेस निघतात. सूरजमल त्यांना मिळतो, पण नजीब शुजाउद्दौल्याला अब्दालीकडे वळवितो. दिल्ली जिंकल्यावर सूरजमल दुरावतो. कुंजपुऱ्याच्या विजयानंतर अब्दाली यमुना ओलांडून मराठ्यांची दक्षिणेकडील वाट अडवितो. उत्तरेत बलाढ्य मित्र न उरलेली फौज पानिपतावर उपासमारीने कोंडली जाते आणि १४ जानेवारी १७६१ रोजी निर्णायक लढाई होऊन तिचा संहार होतो.

या सारांशात नावे मोजकीच आहेत, तरी मराठे एकटे कसे पडले हे कळते. कादंबरी न वाचलेल्या व्यक्तीला तो वाचून दाखवावा. ‘हा त्यांना सोडून का गेला?’ असा प्रश्न आल्यास त्या रेषेवरील घटना सारांशात यायची राहिली आहे, असे समजावे.

## मर्यादा

ऐतिहासिक कादंबरीत रेषा कोणाच्या दृष्टीतून आली, हे नोंदविणे अगत्याचे असते. लढाईतून मल्हारराव होळकर लवकर बाहेर पडले. ही माघार शहाणपणाची की नजीबाशी असलेल्या जुन्या सख्याची, याविषयी मतभेद आहेत. पात्राचा संशय, निवेदकाचे मत व इतिहासातील नोंद या तिन्हींसाठी एकच रेषा वापरल्यास सारांशकार नकळत निकाल देऊन बसतो. अशा ठिकाणी रेषेजवळ संशय घेणाऱ्याचे नाव लिहावे आणि सारांशातही ‘अमक्याच्या मते’ असे म्हणावे.

लढाईबरोबर नकाशा संपविल्यासही अर्थ अपुरा राहतो. छावणीतून दुरावलेल्या सूरजमलानेच पराभवानंतर परतणाऱ्या मराठ्यांना अन्न व आसरा दिला, आणि जखमी समशेरबहाद्दर याचा अंत त्याच्याच मुलखात झाला. दुरावा म्हणजे वैर नव्हे, हे चौथ्या, लढाईनंतरच्या नकाशावरच दिसते.

## हेही पाहा

* पानिपतची तिसरी लढाई
* पानिपत (कादंबरी)
* ऐतिहासिक कादंबरी
* सारांशलेखन