बिटकॉइन-जोडीचा आलेख

एखाद्या ऑल्टकॉइनचा, म्हणजे बिटकॉइनखेरीज अन्य क्रिप्टो-नाण्याचा, भाव डॉलर किंवा रुपयांऐवजी बिटकॉइनमध्ये मांडणारा आलेख. नाणे स्वतःच्या जोरावर वाढते आहे की बाजाराला आलेल्या भरतीबरोबर वर उचलले गेले आहे, हे त्यावरून पाहतात. पडद्यावर इथरची ही जोडी `ETHBTC` म्हणून दिसते. तयार जोडी नसेल, तर ट्रेडिंगव्ह्यूवर `SOLUSD/BTCUSD` असा भागाकार लिहिला तरी आलेख उमटतो.

२०२३ हे वर्ष या बाबतीत बोलके आहे. जानेवारीच्या आरंभी इथर सुमारे १,२०० डॉलरला होता, वर्षअखेरीस तो २,३०० च्या आसपास पोहोचला. पैसे जवळपास दुप्पट झाल्यावर कोण तक्रार करणार? पण त्याच काळात बिटकॉइन साधारण १६,५०० वरून ४२,००० डॉलरच्या पुढे गेला. त्यामुळे आरंभी एका इथरला ०.०७२ बिटकॉइन मिळत होते, ते अखेरीस ०.०५४ वर आले. डॉलरचा आलेख चढत असताना जोडीचा आलेख सुमारे २५ टक्के उतरला होता. सोलानाचे उलट झाले. तो १० डॉलरवरून १०० वर गेला आणि बिटकॉइनमध्ये मोजला तरी जवळपास चौपट भरला.

मात्र जोडी चढली म्हणजे नाणे सरस, असे लगेच म्हणता येत नाही. काही नाणी बिटकॉइनचीच चाल दीडपट-दुपटीने चालतात: तेजीत पुढे पळतात आणि मंदीत तितक्याच वेगाने कोसळतात. नुसत्या तेजीचा तुकडा पाहिला, तर हा अंगचा चंचलपणाच सरशी वाटतो. म्हणून बिटकॉइन घसरला त्या आठवड्यांत जोडीने काय केले, हे आधी पाहावे. तिथे ती टिकून राहिली आणि पुढच्या तेजीत आधीच्या उंचीपलीकडे गेली, तर त्या नाण्याला स्वतंत्र मागणी आहे असे मानायला आधार मिळतो. एखाद-दुसऱ्या दिवसाची उसळी धरू नये. कमी उलाढालीच्या जोडीत एका मोठ्या सौद्यानेही उंच काडी उमटते.

चढती जोडी म्हणजे नफा, असेही नाही. बिटकॉइन ५० टक्के पडला आणि नाणे ४० टक्के, तर जोडी २० टक्के वर दिसते, पण गुंतवलेल्या १०० रुपयांचे ६०च उरलेले असतात.

भारतातल्या वाचकासाठी आणखी एक हिशेब आहे. जोडी उतरते म्हणून इथर देऊन बिटकॉइन घेतला, तर २०२२ पासूनच्या नियमांनुसार ती विक्रीच ठरते. हाती रुपया आला नसला तरी नफ्यावर ३० टक्के कर लागतो.