दोन पात्रे, चार कण

* लेखकाने येथे वापरलेले दोन पात्रांचे उदाहरण पाउल आणि तात्याना एरेनफेस्ट या दांपत्याने १९०७ मध्ये मांडले. दोन्ही पात्रांत मिळून ४ कण आहेत असे धरा. दर खेपेला चारांपैकी एक कण चिठ्ठी टाकून निवडायचा आणि असेल तिथून दुसऱ्या पात्रात टाकायचा. डावीकडे ३ कण असतील, तर तिथून एक जाण्याची शक्यता ३/४, येण्याची १/४.

डावीकडचे कण ३ चे ४ होणे आणि ४ चे ३ होणे, या दोन्ही घटना दीर्घकाळात सारख्याच वेळा घडतात, कारण एकदा चढल्यावर उतरल्याशिवाय पुन्हा चढता येत नाही. ४ वरून उतरणे अटळ. ३ वरून चढण्याची शक्यता मात्र चारांत एक. म्हणून ‘३’ ही स्थिती ‘४’च्या चौपट वेळा दिसली पाहिजे. हाच हिशेब खाली नेला की ० ते ४ या स्थितींचे प्रमाण १ : ४ : ६ : ४ : १ येते. हे द्विपद सहगुणकच आहेत: जणू प्रत्येक कणाचे पात्र स्वतंत्रपणे नाणे फेकून ठरवले.

मात्र हे प्रमाण सर्व खेपांच्या सरासरीचे आहे, हे वाचकाने विसरू नये. दर खेपेला संख्या एकानेच बदलते. त्यामुळे डावीकडे ४ कण घेऊन सुरुवात केली, तर सम खेपांनंतर तिथे ०, २ किंवा ४ च कण सापडतील, १ किंवा ३ कधीच नाहीत. (संपा.)