चतुःसीमेत डावं-उजवं का नसतं?

मागच्या महिन्यात रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी जमिनीचं जुनं खरेदीखत वाचत बसलो होतो. त्यात चतुःसीमा लिहिलेली: पूर्वेस पाणंद, पश्चिमेस पऱ्या, दक्षिणेस चुलत्यांची कलमं, उत्तरेस गडगा. डावं-उजवं कुठेच नाही. कारण सोपं आहे. पाणंदीतून आत शिरलात तर गडगा उजवीकडे, पऱ्याकडून आलात तर तोच गडगा डावीकडे. मग भांडण झाल्यावर कोणाचा उजवा हात धरायचा?

आता विचार करा, कागदच नाही, रोजचं बोलणंच असं असेल तर? ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर गुगु यिमिथिर नावाची भाषा आहे. १७७० मध्ये कॅप्टन कुकच्या लोकांनी 'कांगारू' हा शब्द तिथूनच उचलला. या भाषेत जागा सांगताना डावं-उजवं वापरत नाहीत. पायाशी मुंगी आली तरी ती 'उत्तरेकडच्या पायाशी' असते.

याचा डोक्यावर परिणाम होतो का, हे भाषाशास्त्रज्ञ स्टीफन लेव्हिन्सन यांनी तपासलं. त्यांची युक्ती घरीही करता येते. समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेला तोंड करून बसा. समोर टेबलावर डावीकडे कप, उजवीकडे चमचा. आता मागे वळून सह्याद्रीकडे तोंड करा आणि दुसऱ्या टेबलावर 'तसंच' मांडा. मी कप परत डावीकडेच ठेवला. गुगु यिमिथिर बोलणारे बहुतेक जण उजवीकडे ठेवतात, कारण कप दक्षिणेला होता, तर दक्षिणेलाच राहिला पाहिजे!

त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने होडी उलटल्याची गोष्ट दोन वर्षांच्या अंतराने दोनदा सांगितली. पहिल्यांदा पश्चिमेकडे तोंड होतं, तेव्हा हात पुढच्या बाजूला उलटला. दुसऱ्यांदा उत्तरेकडे तोंड होतं, तेव्हा उजवीकडून डावीकडे. हातवारे वेगळे दिसले, पण होडी दोन्ही वेळा पूर्वेकडून पश्चिमेकडेच उलटली. म्हणजे आठवणीतही दिशा जपलेली होती. रानात नेऊन दूरची ठिकाणं दाखवायला सांगितली, तेव्हाही त्यांची सरासरी चूक १५ अंशांच्या आत राहिली.

हे सगळं भाषेनेच घडवलं का, यावर मात्र वाद आहे. ली आणि ग्लाइटमन यांनी अमेरिकन विद्यार्थ्यांवर असाच प्रयोग केला. बाहेरच्या खुणा दिसू लागल्यावर त्यांची उत्तरंही बदलली. म्हणजे भाषेइतकीच आजूबाजूची जागाही बोलते.

आणि आपण? संस्कृतात 'दक्षिण' म्हणजे उजवा हातसुद्धा. उगवतीकडे तोंड करा, उजव्या हाताला दक्षिण येते. आपल्या दिशेच्या नावातच शरीर लपलंय. गुगु यिमिथिरमध्ये उलट आहे, तिथे शरीरालाच दिशा चिकटलीय.

त्या दिवशी जमिनीवर उभा राहून मी फोनमध्ये होकायंत्र शोधत होतो. आजोबांनी मान वर न करताच हात केला आणि म्हणाले, "उत्तर तिकडे. गडगा दिसत नाय काय रे तुला?"